एकच मीटर, तीन भाडेकरू: विजेचं बिल वाटायचं कसं?

ओवी_धायरी

पुण्यात धायरीला आमचं दुमजली घर आहे. महावितरणचा सिंगल फेज मीटर एकच, वडिलांच्या नावावर. भाडेकरू तीन. खाली एका खोलीत एकटा विद्यार्थी, मागच्या वन रूम किचनमध्ये नवरा-बायको, वर चार माणसांचं कुटुंब. वर एसी आहे. तिघांना सबमीटर लावलेत आणि दर महिन्याला एकूण बिल भागिले सबमीटरच्या युनिटची बेरीज, असा दर काढून पैसे घेतो.

मे महिन्यात मेन मीटरवर ५२० युनिट आले. सबमीटर: विद्यार्थी ६०, जोडपं १३०, वरचे २७०. बेरीज ४६०. तीन प्रश्न आहेत. मेन मीटरवरचे उरलेले ६० युनिट गेले कुठे? विद्यार्थी म्हणतो, "तुमचा दर सतरा रुपये पडतो, माझ्या मित्राला सहा पडतो," त्याचं बरोबर आहे का? आणि तो आठ दिवस गावी होता, खोलीत फ्रिजसुद्धा नाही, तरी त्याचा मीटर ११ युनिट पुढे गेला. हे कसं?

रोखठोक_नाना

एवढा खटाटोप कशाला? युनिटला १२ रुपये सरळ ठरवून टाका आणि करारात लिहा. आमच्या भागात सगळे तेच करतात. ज्याला परवडेल तो राहील.

हिशेबनीस

नाना, १२ रुपये कोणत्या महिन्याचे? घरगुती दर पायऱ्यांचा आहे: १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, पाचशेवर चौथा. गोल आकडे घेऊन सांगतो. वीज आकार आणि वहन आकार मिळून अनुक्रमे ६, १२, १६ आणि १८ रुपये धरा, स्थिर आकार १३०, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या बिलावरचे घालावेत. इंधन समायोजन आकार असेल तर तोही त्या त्या पायरीत मिळवावा.

हिवाळ्यात सगळ्या घराचे २०० युनिट झाले तर बिल २,२३९ येतं, म्हणजे युनिटला ११.१९. नानांच्या दराने मालकाला दीडशे-एक रुपये सुटतात. मे महिन्यात ५२० युनिटचं बिल ७,७६० येतं, म्हणजे १४.९२. सगळ्या ५२० युनिटचे १२ रुपयांनी गोळा होतात ६,२४०. दीड हजार मालकाच्या खिशातून गेले. ठरलेल्या दरात कोणीतरी दर महिन्याला चुकीचं भरतो, फक्त माणूस बदलतो.

ओवीताई, तुमचा सतरा रुपये दर आला कारण ७,७६० ला तुम्ही ४६० ने भागलंत. घरात पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे असतील, त्यांचे युनिटही त्या ४६० वर चढले. शिवाय विद्यार्थ्याचे साठ युनिट स्वतंत्र मीटरवर पहिल्याच पायरीत संपले असते. इथे वरच्यांच्या एसीने चढवलेल्या सोळा आणि अठराच्या पायरीत त्यालाही वाटेकरी केलंय. त्याची तक्रार रास्त आहे.

फ्यूज_गेला

आधी ६० युनिटचं बघू. पंप किती एचपीचा, किती वेळ चालतो? जिन्यात काय दिवे आहेत?

ओवी_धायरी

पंप एक एचपी, सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास. जिन्यात आणि फाटकाशी २० वॉटच्या दोन ट्यूब, रात्रभर.

फ्यूज_गेला

मग ६० तिथेच आहेत. एक एचपीचा पंप साधारण एक किलोवॉट ओढतो. दिवसाला दीड तास, महिन्याला ४५ युनिट. दोन ट्यूब बारा तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटला थोडं कमी, महिन्याचे चौदा. झाले एकोणसाठ. तरी चौथा सबमीटर पंप-जिन्याच्या सर्किटला लावा. अंदाज आज जुळला, पंपाचं फूट व्हॉल्व्ह गळायला लागलं की पंप दुप्पट वेळ चालेल आणि वाद सुरू होईल.

रीडिंगची तारीखही सांभाळा. तुमच्याकडे रोजचे साधारण सतरा युनिट जळतात. महावितरणचं रीडिंग ३१ दिवसांचं आणि तुमचं २९ दिवसांचं असेल तर नुसत्या तारखेने ३०-३५ युनिटचा फरक पडेल आणि तुम्ही वायरमनला शिव्या द्याल. बिलावर चालू रीडिंगची तारीख छापलेली असते. मेन मीटर आणि सगळे सबमीटर, पाचही फोटो एकाच वेळी, त्याच दिवशी.

अकरा युनिटचा प्रकार वेगळा आहे. त्याचा मला न्यूट्रलवर संशय आहे. सबमीटरवर "अर्थ" नावाचा छोटा लाल दिवा लागलेला असतो का ते बघून सांगा.

पाणीपट्टी_पीडित

आमच्या सोसायटीतही हाच प्रॉब्लेम आहे. पाण्याचा मीटर एक, फ्लॅट बारा, टँकर वेगळा. चौरस फुटावर वाटावं की माणशी? तीन बीएचकेत दोघं म्हातारे राहतात ते भांडतात.

हिशेबनीस

इथे विजेचं चाललंय हो. थोडक्यात: पाणी माणसं वापरतात, फरशी नाही. माणशी वाटा, पाहुणे महिनाभर राहिले तर धरा, कुलूपबंद फ्लॅटकडून देखभालीपुरतं किमान घ्या. पण हा मुद्दा ओवीताईंच्याही कामाचा आहे. पंपाचे युनिट पाण्यासाठी जळतात, म्हणून तेही माणशीच वाटायचे. त्यांच्याकडे १ + २ + ४ अशी सात माणसं आहेत.

आता मी वाटणी कशी करेन ते सांगतो.

पहिलं, सामाईक ६० युनिट सरासरी दराने वेगळे काढायचे. ६० गुणिले १४.९२ म्हणजे ८९५ रुपये. माणशी साधारण १२८. विद्यार्थी १२८, जोडपं २५६, वरचे ५११.

दुसरं, उरले ६,८६५. प्रत्येकाचा स्वतंत्र मीटर असता तर त्याला किती बिल आलं असतं ते काढायचं, स्थिर आकार आणि वीज शुल्कासकट. विद्यार्थी ५६८, जोडपं १,२६४, वरचे ३,२१३. बेरीज ५,०४६ (पैशांमुळे एक रुपया इकडे-तिकडे).

तिसरं, ६,८६५ रुपये या प्रमाणात वाटायचे. विद्यार्थी ७७३, जोडपं १,७२०, वरचे ४,३७२. सामाईक मिळवून ९०१, १,९७६ आणि ४,८८३. बेरीज बरोबर ७,७६०.

तुमच्या जुन्या पद्धतीने हेच १,०१२, २,१९३ आणि ४,५५५ होतं.

शीटमध्ये करायचं तर A2 मध्ये युनिट टाका आणि स्वतंत्र बिलासाठी हे:

```
=(MIN(A2,100)*6+MAX(0,MIN(A2,300)-100)*12+MAX(0,MIN(A2,500)-300)*16+MAX(0,A2-500)*18+130)*1.16
```

ही मेहनत एकदाच. पुढे दर महिन्याला चार रीडिंग आणि एकूण बिल भरायचं.

बिलातली थकबाकी, उशिराचं व्याज आणि अतिरिक्त सुरक्षा ठेव मात्र या ७,७६० मध्ये घालू नका. ठेव मालकाच्या नावावर जमा राहते, ती भाडेकरूंवर टाकणं म्हणजे त्यांच्या पैशाने स्वतःची गंगाजळी वाढवणं.

तिसरा_मजला

मी वरच्या मजल्याची बाजू घेतो, कारण ती कोणी घेणार नाही. २७० युनिटचं स्वतंत्र बिल ३,२१३ झालं असतं. मी ४,३७२ भरतोय. जवळजवळ बाराशे रुपये जास्त, का? मी तर तिसऱ्या पायरीत गेलोच नाही, तीनशेच्या आत आहे. घराला एकच मीटर ठेवला मालकाने. पायरी चढली ती तिघांची बेरीज झाल्यामुळे.

हिशेबनीस

बाराशे फक्त तुमचे नाहीत. विद्यार्थी २०५ जास्त भरतोय, जोडपं ४५६. तिघंही स्वतंत्र बिलाच्या ३६ टक्के वर आहेत. माझ्या पद्धतीचा दावा एवढाच: एक मीटर असल्याचा दंड सगळ्यांना सारख्या प्रमाणात बसतो. दंडच का भरायचा, याचं उत्तर शीटमध्ये नाही.

कॅलरीमोजणी

मला हे पटत नाही. वरच्यांनी १३० युनिटच वापरले असते तर एकूण ३८० झाले असते आणि बिल ५,११६. म्हणजे त्यांचे पुढचे १४० युनिट घराला २,६४४ रुपयांना पडले, युनिटला जवळपास एकोणीस. ते पूर्ण त्यांनीच भरायला हवेत. एसी त्यांचा, पायरी त्यांची.

हिशेबनीस

मग उद्या वरचे म्हणतील, आमचे २७० आधी मोजा, विद्यार्थ्याचे ६० शेवटी मोजा. तसं केलं तर त्याचेच युनिट सोळा आणि अठराच्या दराने येतात. रांगेत शेवटी कोण उभा, हे मीटर सांगत नाही. म्हणून मी रांग लावत नाही.

कॅलरीमोजणी

मग प्रत्येक पायरी तिघांत समान वाटा. पहिल्या शंभरातले तेहेतीस प्रत्येकाला, पुढच्या दोनशेतले सदुसष्ट, असं.

हिशेबनीस

करून बघा. स्थिर आकार आणि वीज शुल्क सोडून तिघांच्या ४६० युनिटचा प्रत्यक्ष आकार ५,५६० रुपये. तुमच्या रीतीने विद्यार्थी ५२०, जोडपं १,४८०, वरचे ३,९२७, बेरीज ५,९२७. साडेतीनशेहून जास्त गोळा झाले, कारण विद्यार्थ्याने न वापरलेला स्वस्त वाटा कोणालाच मिळाला नाही. तो परत वाटायला पुन्हा प्रमाण लावावं लागतं. चूक नाही, पण भाडेकरूला समजावताना तुमची संध्याकाळ जाईल.

ओवी_धायरी

नाना, बारा रुपयांना नाही म्हणते, सॉरी. फ्यूजदादा, दिवा बघितला. विद्यार्थ्याच्या मीटरवरचा "अर्थ" दिवा अधूनमधून लागतो, सकाळी जास्त. त्याची खोली बंद असतानाही.

रोखठोक_नाना

चायनीज मीटर. फेकून द्या, दुसरा लावा.

फ्यूज_गेला

नाना, मीटर बदलला तरी तेच होईल. मीटर आपलं काम करतोय.

बऱ्याच सिंगल फेज मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट मोजला जातो आणि जो जास्त तो हिशेबात धरतात. वीजचोरीत लोक न्यूट्रल बाहेरून देतात, ते पकडायला ही सोय. आता जुन्या घराच्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एका डब्यात पिळलेले असतात. जोडप्याच्या गीझरचा करंट त्यांच्या फेजमधून जातो, परत येताना निम्मा त्यांच्या न्यूट्रलने आणि निम्मा विद्यार्थ्याच्या न्यूट्रलने येतो. विद्यार्थ्याच्या मीटरला फेज शून्य, न्यूट्रलला करंट. तो समजतो चोरी चाललीय, दिवा लावतो आणि युनिट मोजतो. जोडप्याचा मीटरही पूर्ण मोजतो, कारण त्याच्या फेजमध्ये सगळा करंट आहे. म्हणजे एकच गीझर दीड वेळा मोजला गेला.

तपासणी अशी करा. तिन्ही घरांतलं सगळं बंद, फ्रिजसुद्धा. मग फक्त जोडप्याचा गीझर चालू करा. प्रत्येक सबमीटरवर युनिट मोजणारा लुकलुकणारा दिवा असतो. फक्त त्यांच्याच मीटरचा लुकलुकला पाहिजे. दुसऱ्या कुठल्याही मीटरचा लुकलुकला तर न्यूट्रल एकत्र आहेत. मग तिसऱ्या घरातून हेच. अर्ध्या तासाचं काम.

मीटर खरा आहे का तेही त्याच वेळी कळतं. मीटरवर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. एक किलोवॉट लोडला तासाला ३,२०० लुकलुकाट, मिनिटाला ५३. पण इस्त्री-गीझरच्या पाटीवरचे वॉट व्होल्टेजप्रमाणे कमी-जास्त होतात, म्हणून पाटीवर भरवसा नको. मेन मीटर आणि तो सबमीटर दोघांच्या आकड्यातली वाढ एका तासाने ताडून बघा. बाकी सगळं बंद असताना दोघांतून तीच वीज जातेय, वाढ सारखीच पाहिजे.

दुरुस्ती: मीटरमधून बाहेर पडणारा न्यूट्रल फक्त त्याच घराला जायला हवा. बोर्डात प्रत्येक घराची न्यूट्रल पट्टी वेगळी, आणि मुख्य स्विच दोन पोलचा, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. हे काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. न्यूट्रल वेगळे करताना एखादा सुटा राहिला तर पुढचा माणूस "बंद" वायरला हात लावेल आणि शॉक खाईल.

शिलाई_मशीन

माझा प्रश्न: आमच्या खालच्या खोलीत भाडेकरूने ब्लाउज शिवायचं दुकान टाकलंय, बाहेर पाटी आहे. मीटर घरगुती एकच. त्याच्याकडून जास्त दर घेतला तर चालेल ना? दुकानाचा दर लावून?

कोर्टाची_पायरी

त्याच्याकडून जास्त घेऊन महावितरणला काहीच मिळत नाही, हाच अडचणीचा भाग आहे. घरगुती जोडणीवर दुकान चालवणं हे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात येऊ शकतं, आणि तिथे आकारणी त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट होते. नोटीस ज्याच्या नावावर मीटर त्याला येते, शिंप्याला नाही. दुकानाला व्यापारी जोडणी वेगळी घ्या.

ओवीताई, तुम्हालाही वेगळी जोडणी हेच उत्तर आहे. हिशेबनीसांचे आकडे बघा. एका मीटरमुळे तिघं मिळून मे महिन्यात १,८१९ रुपये जादा भरतायत.

रोखठोक_नाना

एका घरात दुसरा मीटर देत नाहीत. स्लॅब चुकवायला लोक करतात म्हणून बंद केलंय.

कोर्टाची_पायरी

अर्धं बरोबर आहे, नाना. एकच कुटुंब, एकच स्वयंपाकघर आणि दोन मीटर मागितले तर नाकारतात आणि ते योग्य आहे. पण स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र वायरिंग असलेलं बिऱ्हाड असेल तर कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला वीज मागायचा हक्क आहे. व्यवहारात मालकाची ना-हरकत, नोंदणीकृत भाडेकरार आणि ठेकेदाराचा वायरिंग तपासणी अहवाल लागतो. वरचं कुटुंब आणि जोडपं यात बसतील. विद्यार्थ्याच्या खोलीला स्वयंपाकघर नाही, तिथे अडेल. तो मूळ मीटरवर राहील, पंप-जिन्यासोबत.

आणि एक. बिलाच्या वादात कोणाचा फ्यूज काढू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ ने मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही. पैसे थकले तर वसुलीचा वेगळा मार्ग आहे.

तिसरा_मजला

म्हणजे वरचं कुटुंब नवीन मीटर घेऊन ३,२१३ वर येणार, मग ठेव आणि जोडणीचा खर्च कोणी करायचा? अकरा महिन्यांचा करार संपला की मीटर मालकाच्या घराला चिकटून राहणार.

कोर्टाची_पायरी

माझ्या मते मालकाने. घराची किंमत त्याची वाढते. पण करारात लिहिलं नसेल तर दोघंही घासाघीस करणार.

ओवी_धायरी

तपासणी केली. जोडप्याचा गीझर लावल्यावर विद्यार्थ्याच्या मीटरचा दिवा लुकलुकला, त्यांच्या मीटरच्या साधारण निम्म्या वेगाने. वरच्यांचा गीझर लावल्यावर फक्त त्यांचाच. जिन्याखालच्या जुन्या डब्यात न्यूट्रल पिळलेले सापडले, शनिवारी वेगळे करून घेतोय. पंपाला चौथा मीटरही.

वडील वरच्यांच्या वेगळ्या जोडणीला तयार आहेत, खर्च मालकाचा. प्रश्न मागच्या महिन्यांचा आहे. विद्यार्थ्याने किती जास्त भरलं ते कसं काढू?

फ्यूज_गेला

नेमकं निघणार नाही. न्यूट्रल किती वाटला गेला ते दोन वायरींच्या लांबीवर आणि जोडाच्या घट्टपणावर ठरतं, आणि उन्हाळ्यात गीझर कमी, थंडीत जास्त. तरी दुरुस्तीनंतर दोन महिन्यांचं त्याचं रीडिंग घ्या आणि मागच्या सरासरीतून वजा करा. जवळचा आकडा येईल.

हिशेबनीस

आणि तो फरक त्याला परत देताना जोडप्याकडून मागू नका. त्यांचा मीटर त्यांचं पूर्ण मोजत होता. जादा मोजलेले युनिट वजा झाले की त्या महिन्यांतले सामाईक युनिट तेवढेच वाढतात, म्हणजे ते पैसे खरं तर सातही माणसांवर येतात.

तिसरा_मजला

म्हणजे पुन्हा चार वाटे वरच्यांचे! वायरिंग मालकाचं, पिळलेला न्यूट्रल मालकाचा. हे मालकाने सोसावं.

कॅलरीमोजणी

पंप खरंच चालला ना? पाणी सगळ्यांनी वापरलंय. मालकाने का?

स्मार्टमीटरवाले

जोडणी घेताना एक लक्षात घ्या, स्मार्ट मीटर बसला तर दिवसा वापरलेल्या विजेला वेगळी सवलत मिळते. मूळ मीटरवर विद्यार्थी आणि पंप राहणार. साधा सबमीटर वेळ नोंदत नाही, मग ती सवलत पंपाची की विद्यार्थ्याची? पंप दुपारी चालवला तर बरीचशी पंपाचीच होईल, पण सिद्ध कसं करणार?